+971, +62, +1… अनोळखी नंबर कोणत्या देशाचा, हे कसं ओळखायचं?

मुळशी : हिंजवडीच्या कंपन्यांमुळे तालुक्यातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. त्यामुळे + ने सुरू होणारा फोन आला की तो आपल्याच माणसाचा आहे की फसवणाऱ्याचा, हा प्रश्न पडतो. देशाचा कोड कसा वाचायचा हे कळलं, तर निम्मी शंका तिथेच मिटते.

कोड कोण देतं?

जिनिव्हा इथली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ (आयटीयू) ही संस्था कोड वाटते. १९६० च्या दशकात जगाचे नऊ भाग पाडले गेले आणि प्रत्येक भागाला एक आकडा मिळाला. 1 म्हणजे अमेरिका-कॅनडा, 2 म्हणजे मुख्यतः आफ्रिका, 3 आणि 4 युरोप, 5 मध्य आणि दक्षिण अमेरिका, 6 आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा भाग, 7 रशिया, 8 पूर्व आशिया आणि 9 म्हणजे तुर्कस्तानपासून म्यानमारपर्यंतचा पट्टा. भारत याच पट्ट्यात येतो.

कोड एक, दोन किंवा तीन आकडी असतो. भारताला 91, पाकिस्तानला 92, श्रीलंकेला 94 मिळाला. नेपाळचा 977 आहे. बांगलादेश आपल्या शेजारी असला तरी त्याचा कोड 880 आहे. कोडसह पूर्ण नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा नसतो.

नंबर कसा वाचायचा?

एका देशाचा कोड दुसऱ्या देशाच्या कोडची सुरुवात कधीच नसते. 91 भारताला दिला, म्हणून 910 किंवा 915 असा कोड कोणत्याच देशाला नाही. त्यामुळे डावीकडून एकेक आकडा वाचत जायचं आणि देश लागला की थांबायचं.

समजा +97150… असा फोन आला. पहिला आकडा 9, म्हणजे आपल्याकडचाच पट्टा. 97 हा कोणत्याही देशाचा कोड नाही, म्हणून तिसरा आकडा बघायचा. 971 म्हणजे संयुक्त अरब अमिरात, म्हणजे दुबई-अबुधाबी. पुढचा 50 हा तिथल्या मोबाईलचा आकडा. सौदीचा कोड 966, ओमानचा 968, कतारचा 974.

+1 ला मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही. हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधली अनेक बेटं मिळून वापरतात. पुढचे तीन आकडे बघावे लागतात: 416 असेल तर कॅनडातलं टोरांटो, 876 असेल तर जमैका. +7 सुद्धा रशिया आणि कझाकस्तान यांच्यात वाटलेला आहे.

+ लावताना होणारी चूक

+ म्हणजे ‘पुढे देशाचा कोड येतोय’ ही खूण. भारतातून परदेशात फोन लावताना पूर्वी 00 दाबायचे, + त्याचंच काम करतो. आपल्या भागात 98220 ने सुरू होणारे नंबर पुष्कळ आहेत. असा नंबर 91 न लावता नुसता + लावून सेव्ह केला, तर फोनला तो +98 वाटतो आणि +98 म्हणजे इराण! तसंच पुण्याचा 020 मधलं शून्य काढून नुसतं +20 लिहिलं, तर तो इजिप्तचा कोड होतो. बरोबर पद्धत अशी: मोबाईलसाठी +91 आणि पुढे दहा आकडे, पुण्याच्या लँडलाईनसाठी +91 20 आणि पुढे नंबर.

कोडवर किती भरवसा ठेवायचा?

कोडवरून नंबर कोणत्या देशात दिलेला आहे एवढंच कळतं. बोलणारा माणूस तिथेच बसलाय असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप तर इंडोनेशियाच्या नंबरवर उघडून कुठूनही चालवता येतं. २०२३ च्या मे महिन्यात देशभरात इंडोनेशिया (+62), व्हिएतनाम (+84), मलेशिया (+60), केनिया (+254) आणि इथिओपिया (+251) या नंबरांवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल आणि नोकरीच्या आमिषाचे मेसेज आले होते.

उलटही घडतं. परदेशातून केलेला कॉल स्क्रीनवर +91 दाखवू शकतो. असे कॉल अडवण्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली. म्हणून +91 दिसलं तरी पोलीस किंवा बँकेच्या नावाने कुणी पैसे, ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यावा.

एक रिंग देऊन तुटलेल्या परदेशी मिस्ड कॉलला उलट फोन लावू नये. आयएसडीचे जादा पैसे कटतात आणि त्यातला हिस्सा फसवणाऱ्याला मिळतो. घरातलं कुणी त्या देशात असेल, तर आपल्याकडे सेव्ह असलेल्या जुन्या नंबरवरच विचारून खात्री करावी.

तक्रार कुठे?

संशयास्पद कॉलची माहिती sancharsaathi.gov.in वरच्या ‘चक्षू’ सुविधेत देता येते. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करावा. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते.