शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: दरडीखालच्या वाड्यांसाठी स्वस्त पर्जन्यमापक

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. त्या आधीच्या तीन दिवसांत या भागात ४९९ मिमी पाऊस झाल्याची माहिती सरकारने विधिमंडळात दिली होती.

कर्जत-खालापूरची मुलं-मुली पनवेल, नेरळ भागातल्या कॉलेजांत इंजिनिअरिंग शिकतात. प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांना आम्ही हाच सुचवू: वाडीवर किती पाऊस पडला हे वाडीतच मोजणारं आणि तीन दिवसांची बेरीज ठेवणारं यंत्र. तालुक्याच्या गावी पडलेला पाऊस आणि डोंगरावरचा पाऊस यांत बराच फरक पडू शकतो.

यंत्र साधं आहे. २० सेंमी व्यासाच्या नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन छोटी पात्रं. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं. कलंडताना चुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि एक आकडा वाढतो. या मापाच्या नरसाळ्यात १ मिमी पाऊस म्हणजे ३१.४ मिली पाणी. म्हणून पात्र ६.३ मिलीला कलंडलं, तर एक आकडा ०.२ मिमीचा. ईएसपी३२ बोर्ड, दोन लोरा मॉड्यूल, बॅटरी आणि भोंगा धरून खर्च साधारण चार-पाच हजार. डोंगरात मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून लोरा. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाच घ्यावा. भारतात या पट्ट्याला परवाना लागत नाही.

खरं काम तपासणीत आहे. सलाइनच्या नळीने ३१४ मिली पाणी थेंबथेंब सोडा. म्हणजे १० मिमी पाऊस. पात्र ५० वेळा कलंडायला हवं. ४५ वेळाच कलंडलं तर पात्रात पाणी जास्त मावतंय. खालचा टेकूचा स्क्रू थोडा वर घ्या. हाताने मोजलेले ५० आणि स्क्रीनवर ७० दिसले, तर स्विच एका वेळी दोनदा लागतोय. पहिल्या आकड्यानंतर २०० मिलिसेकंद आलेले संकेत सोडून द्या. ताशी २०० मिमी पावसातही दोन आकड्यांत साडेतीन सेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे खरा आकडा चुकत नाही.

पावसाळ्यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. नरसाळ्यात पानं अडकतात, म्हणून जाळी लावा. ढगांमुळे सोलर चार्ज होत नाही. बॅटरी आठवडाभर टिकेल अशी घ्या. वीज गेली की बेरीज शून्यावर येते, म्हणून दर तासाचा आकडा मेमरी कार्डावर लिहा. शेजारी साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला दोन्ही आकडे जुळवा. हीच वही परीक्षकांना दाखवायची.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे यंत्र पाऊस सांगतं, दरड कधी येईल ते सांगत नाही. किती मिलिमीटरला भोंगा वाजवायचा आणि लोकांनी कुठे जायचं, हे तहसील कार्यालय, भूगर्भतज्ज्ञ आणि वाडीकरांनी मिळून पावसाळ्याआधीच ठरवायला हवं. ते ठरलेलं नसेल, तर रात्री भोंगा वाजूनही कुणी घराबाहेर पडणार नाही.