उड्डाण पातळ्या व कमी केलेले उभे अंतर

विमानातील उंचीमापक बाहेरील हवेच्या दाबावरून उंची दर्शवितो. लांबच्या उड्डाणात सर्व विमानांचे उंचीमापक १०१३.२५ मिलिबार या एकाच प्रमाणित दाबाला जुळविलेले असतात. त्यावरील फुटांच्या आकड्यातील शेवटची दोन शून्ये गाळली की उड्डाण पातळी मिळते. ३७० ही पातळी म्हणजे ३७,००० फूट. खरी उंची याहून थोडी निराळी असते, पण हा फरक एका ठिकाणच्या सर्व विमानांना सारखाच लागू असल्याने त्यांच्यातील अंतर टिकून राहते.

अडचण वरच्या विरळ हवेत येते. समुद्रसपाटीजवळ दाब १ मिलिबारने घटण्यास सुमारे २७ फूट चढावे लागते, तर ३७० पातळीजवळ सुमारे ९६ फूट. दाब मोजण्यातील तीच चूक तेथे साडेतीन पट महागात पडते. यामुळे १९६० च्या सुमारास २९० पातळीपर्यंत १,००० फूट व तिच्यावर २,००० फूट उभे अंतर ठेवण्याचे ठरले. अधिक अचूक उंचीमापक आल्यावर २९० ते ४१० या पट्ट्यातही ते १,००० फुटांवर आणण्यात आले. याचा आरंभ उत्तर अटलांटिकवर मार्च १९९७ मध्ये झाला; भारतात ही पद्धत नोव्हेंबर २००३ पासून आहे.

समोरासमोर येणाऱ्या विमानांचे वेग एकमेकांत मिळतात आणि सावरण्यास काही सेकंदच उरतात. म्हणून होकायंत्राप्रमाणे ० ते १७९ अंशांच्या मार्गाला ३५०, ३७० अशा विषम आणि १८० ते ३५९ अंशांच्या मार्गाला ३६०, ३८० अशा सम पातळ्या दिल्या जातात. एका पातळीवरील विमाने त्यामुळे साधारणतः एकाच दिशेने जातात. मात्र मार्ग वळला की पातळीही बदलावी लागते, आणि हा या नियमाचा नाजूक भाग होय.

२९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये याचा प्रत्यय आला. साऊं झुझे दुस कांपुसहून मानाउसला निघालेले एक लहान लेगसी जेट ३७० पातळीवर होते. ब्राझिलियापर्यंतचा त्याचा मार्ग नकाशावर उत्तरेच्या पश्चिमेस झुकलेला दिसतो; पण तेथील होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून सुमारे २० अंशांनी ढळत असल्याने तो सुमारे ६ अंशांचा, म्हणजे विषम पातळीचा ठरत होता. ब्राझिलियानंतर मार्ग ३३६ अंशांचा झाला व उड्डाण-आराखड्याप्रमाणे विमानाने ३६० वर यावयास हवे होते. तसा आदेश नियंत्रकांनी दिला नाही, वैमानिक ३७० वरच राहिले. थोड्याच वेळात त्यांचा ट्रान्सपाँडर बंद पडल्याने टक्करीची सूचना देणारी यंत्रणाही निरुपयोगी झाली. मानाउसहून येणारे गोल कंपनीचे बोइंग ७३७ त्याच मार्गावर, नियमानुसार ३७० वर होते. टकरीनंतर बोइंगमधील सर्व १५४ जण मरण पावले. लेगसी मोडक्या पंखानिशी काशिंबू येथील लष्करी तळावर उतरले.

दोन्ही विमाने आपली उंची व मार्गरेषा अचूक राखीत होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. जुन्या, ढोबळ उपकरणांच्या काळी चुकीच्या पातळीवरील विमान बहुधा थोडे बाजूने निसटले असते. हा धोका ओळखूनच महासागरांवर वैमानिकांना मार्गरेषेच्या उजवीकडे २ सागरी मैलांपर्यंत सरकून उडण्याची मुभा देण्यात आली आहे.