तपासनीस आणि लेखक एकच असेल तर

आजचा विषय एका छोट्या चुकीवरून सुचला. आमच्या व्याख्यानांची ध्वनिफीत लिहून काढल्यावर तिचा सारांश भाषा-प्रारूपाकडून, म्हणजे ज्याला सगळे 'मॉडेल' म्हणतात त्याच्याकडून, करून घ्यायचा असं आम्ही मध्यंतरी ठरवलं. पहिल्या मसुद्यात 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झालं असं होतं, आणि ते बरोबर होतं. मग कोणीतरी सुचवलं, की मॉडेललाच एक तपासणी-यादी देऊ या: सालं बरोबर आहेत का, नावं आली आहेत का, मजकूर लांबला आहे का. दुसऱ्या फेरीत मॉडेलने स्वतःची चूक काढली आणि १९१५ चं १९११ केलं. मंडालेत लेखन कधी झालं आणि पुस्तक कधी छापलं, यांची गल्लत. पहिला मसुदा हाताशी होता म्हणून ते लक्षात आलं, नाहीतर चुकीचं साल आमच्या नावावर गेलं असतं.

मग आम्ही या पद्धतीचा इतिहास पाहिला. तो अगदी अलीकडचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीतल्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. मॉडेलने उत्तर लिहायचं, लेखी तत्त्वांच्या यादीतलं एखादं तत्त्व घेऊन त्यावर टीका करायची, मग उत्तर सुधारायचं. हा खटाटोप प्रशिक्षणासाठी होता. सुधारलेली उत्तरं वापरून मॉडेल शिकवलं, की खर्च तिथेच संपला. वापरणाऱ्याला प्रत्येक प्रश्नामागे तो पडत नव्हता. त्यांच्याच निबंधात एक गोष्ट आहे, जी फारशी कोणी सांगत नाही. लहान मॉडेलांना टीकेची पायरी उपयोगी पडली; मोठ्या मॉडेलांना टीका न लिहिता सरळ 'सुधार' म्हटलं तरी जवळपास तेच फळ मिळालं.

मार्च २०२३ मध्ये अमन मदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेल्फ-रिफाइन' हा प्रयोग प्रसिद्ध केला. इथे प्रशिक्षण नाही. वापरतानाच मॉडेल लिहितं, स्वतःला अभिप्राय देतं, पुन्हा लिहितं. सात प्रकारच्या कामांवर सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसली आणि लोक हरखले. पण त्याच निबंधात गणिताची ओळ वाचा. तिथे सुधारणा नगण्य होती, कारण चॅटजीपीटी ९४ टक्के वेळा स्वतःच्या उत्तराला 'सगळं ठीक आहे' असाच शेरा देत होतं. हिशेब चुकलेला असला तरी!

आता या लेखातलं एक काम आपण सावकाश पाहू. मॉडेलला वीस ते तीस शब्द द्यायचे आणि ते सगळे गुंफून अर्थपूर्ण वाक्यं लिहायला सांगायचं. पहिल्या मसुद्यात सरासरी ४४ टक्के शब्द यायचे, स्वतःच्या टीकेनंतर ६७ टक्के. फार मोठी उडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये हुआंग आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत गूगल डीपमाइंडचे संशोधक होते, हे काम पुन्हा तपासलं. त्यांना आढळलं, की 'सगळे शब्द आलेच पाहिजेत' ही अट टीकेच्या सूचनेत स्पष्ट होती, पण पहिल्या मसुद्याच्या सूचनेत तशी नव्हती. म्हणजे विद्यार्थ्याला प्रश्न अर्धा सांगायचा आणि उत्तरपत्रिका परत देताना उरलेला. त्यांनी अट पहिल्याच सूचनेत घातली. एकाच कॉलमध्ये ८१.८ टक्के शब्द आले. आणि त्यावर टीका-सुधारणेचा तोच फेरा, सात कॉल खर्चून, चालवल्यावर आकडा ७५.१ वर उतरला.

यादी आधीच माहीत असेल, तर ती पहिल्या सूचनेतच लिहावी. आमच्याकडेही हाच घोळ होता.

दुसरा भाग तर्काच्या प्रश्नांचा. शालेय गणिताची शाब्दिक उदाहरणं जीपीटी-४ ला दिली, २०० प्रश्नांचा नमुना होता. पहिल्या उत्तरात ९५.५ टक्के बरोबर. 'तुझं उत्तर तपास आणि सुधार' म्हटल्यावर ९१.५. पुन्हा म्हटल्यावर ८९. चूक शोधायला सांगितली, की चूक सापडलीच पाहिजे असं जणू ते मानतं आणि बरोबर उत्तर मोडतं. आमचं साल असंच मोडलं असावं. आधीच्या काही प्रयोगांत सुधारणा दिसायची, कारण खरं उत्तर प्रयोगकर्त्याला माहीत असायचं आणि उत्तर जुळलं की फेरा थांबवला जायचा. जीपीटी-३.५ ची मजल त्या पद्धतीने ७५.९ वरून ८४.३ वर गेली. पण खरं उत्तर हाती असेल तर मॉडेलला विचारायचंच कशाला?

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही. मीमांसक म्हणत, ज्ञानाचं प्रामाण्य ज्ञानातूनच येतं. नैयायिक म्हणत, नाही. पाणी दिसलं हे खरं की मृगजळ, ते पुन्हा पुन्हा डोळे चोळून कळत नाही, जवळ जाऊन तहान भागली की कळतं. मॉडेलच्या बाबतीत आम्ही नैयायिकांच्या बाजूला आहोत. (मीमांसकांची बाजू आज पूर्ण मांडत नाही, त्यांनी रागावू नये.) मे २०२३ च्या 'क्रिटिक' नावाच्या प्रयोगाने हेच दाखवलं. मॉडेलला शोधयंत्र किंवा प्रोग्रॅम चालवून बघण्याची सोय दिली, तेव्हा सुधारणा टिकली. बाहेरचा आधार काढला की ती विरघळली.

खर्चाचं सांगतो. समजा सूचना ५०० टोकनांची आहे. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. मसुदा ६००, यादी २००, टीका ३००, सुधारित मसुदा पुन्हा ६००. एकदाच लिहून घेतलं तर मॉडेल ५०० वाचतं, ६०० लिहितं. एक फेरा केला तर लिखाण १५०० होतं आणि वाचन ३४००, कारण प्रत्येक पायरीला मागचं सगळं पुन्हा वाचावं लागतं. म्हणजे लिखाण अडीचपट, वाचन सहापटीहून जास्त, आणि वाट पाहणं वेगळं. मराठी मजकुराला बहुतेक मॉडेलांत टोकनंही इंग्रजीपेक्षा जास्त लागतात.

म्हणून तुलना पहिल्या मसुद्याशी करू नये, त्याच खर्चात दुसरं काय मिळालं असतं त्याच्याशी करावी. हुआंग यांच्या निबंधात तशी एक तुलना आहे. एका बाजूला मॉडेलच्या अनेक प्रतींचा आपसात वाद घडवला, दुसऱ्या बाजूला तेवढीच स्वतंत्र उत्तरं घेऊन बहुमताचं उत्तर निवडलं. सहा-सहा उत्तरांत वादाला ८३.२ टक्के मिळाले, साध्या बहुमताला ८५.३.

मग हा फेरा टाकूनच द्यायचा का? नाही. यादीतला प्रश्न मजकूर पाहूनच सुटत असेल, जसं 'वक्त्याचं नाव आलं का', 'उपदेशाचा सूर आला का', तिथे तो उपयोगी पडतो, कारण एखादी गोष्ट आहे की नाही हे पाहणं ती लिहिण्यापेक्षा सोपं असतं. 'साल खरं आहे का' या प्रश्नाचं उत्तर मात्र मसुद्यात नसतंच. शब्दसंख्या तर मॉडेलला विचारूच नये, ती मोजणारा साधा प्रोग्रॅम फुकट आहे.

आम्ही आता असं करतो. यादी पहिल्या सूचनेत जाते. सालं आणि नावं लिहून काढलेल्या मूळ मजकुराशी जुळवली जातात, आणि न जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या मॉडेलकडे परत जातात, 'मूळ मजकुरात हे असं आहे' या वाक्यासह. आणि पन्नास जुने सारांश आम्ही माणसांकडून तपासून ठेवले आहेत. नवा फेरा सुचला, की त्यांच्यावर चालवून दोन रकाने भरतो: चुकीचं किती ठिकाणी बरोबर झालं, आणि बरोबर किती ठिकाणी चुकलं. पहिला रकाना सगळेच दाखवतात. दुसरा मागून घ्यावा लागतो.