अलॉय की स्टील: छायाचित्रातले चाक

१. स्टीलची रिम पत्र्याची असते. दाबून घडवलेली मधली तबकडी बाहेरच्या कड्याला वेल्ड केलेली असते. अलॉय चाक बहुधा एकसंध ओतीव असते आणि त्याचे आरे जाड असतात. प्लास्टिकच्या व्हीलकॅपवरही आरे असतात, पण त्यांच्या फटींतून मागे काळा पत्रा दिसला, तर आत स्टीलच आहे. आकार टायरवर वाचावा: ‘१८५/६५ आर१५’ मधले १५ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. ‘४×१००’ म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट. छायाचित्रात हे मोजताना रिमच पट्टीचे काम करते. १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी, हा टायर बसतो तिथला व्यास. बाहेरची कड धरून तो सुमारे ४१६ मिमी होतो. अगदी समोरून घेतलेल्या छायाचित्रात ही कड १०४ मिमी आणि समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या केंद्रांतले अंतर २५ मिमी भरले, तर चौपटीच्या हिशेबाने वर्तुळ १०० मिमीचे ठरते. मात्र ९८ आणि १०० मधला फरक चित्रात जेमतेम अर्धा मिमी असतो, शिवाय खोल बसलेले बोल्ट किंचित जवळ दिसतात. तिथे प्रत्यक्ष चाकच मोजावे लागते.