जपानची बेटं एकदम दुप्पट कशी झाली? बेटं मोजण्याचा हिशेब

जपानमध्ये किती बेटं आहेत? २०२३ पर्यंत या प्रश्नाचं सरकारी उत्तर होतं ६,८५२. त्या वर्षी फेरमोजणी झाली आणि आकडा १४,१२५ वर गेला. समुद्रातून नवी जमीन वर आली होती असं नाही. देशाचं क्षेत्रफळही वाढलं नाही. बदलला तो नकाशा.

जुना आकडा १९८७ चा, जपानच्या तटरक्षक दलाने कागदी नकाशांवरून काढलेला. नियम असा की किनाऱ्याचा घेर किमान १०० मीटर हवा. गोल बेट धरलं तर एवढ्या घेराचा व्यास ३२ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे जागा जेमतेम आठ गुंठे. १:२५,००० च्या नकाशावर हे बेट सव्वा मिलिमीटरचा ठिपका होतं. असे पाच-सहा ठिपके जवळजवळ असले की ते एकच बेट म्हणून धरलं जाणं सहज शक्य होतं.

२०२३ मध्ये संगणकाने डिजिटल नकाशा तपासला, तेव्हा लहानमोठे मिळून सुमारे १ लाख २० हजार तुकडे सापडले. त्यांना तोच १०० मीटरचा नियम लावला, भराव टाकून केलेली जमीन वगळली, आणि १४,१२५ उरले. घेराची अट ५० मीटर केली असती तर आकडा आणखी फुगला असता. म्हणजे अट सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला तसा अर्थ नाही.

आता भरतीचं बघू. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्यानुसार बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेली, नैसर्गिकरीत्या तयार झालेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. फक्त ओहोटीला दिसणारं खडप बेट ठरत नाही. किनारा सपाट असेल, समजा ५० मीटरला एक मीटर उतार, तर दोन मीटरच्या भरतीने पाण्याची रेषा १०० मीटर आत सरकते. त्यात आठ गुंठ्यांचं बेट आख्खं बुडू शकतं. पण भरतीने संख्या कमीच होते असंही नाही. ओहोटीला वाळूच्या पट्ट्याने जोडलेली दोन बेटं भरतीला वेगळी होतात, आणि एकाची दोन मोजावी लागतात. उधाणाची भरती धरायची की भांगेची, यानेही फरक पडतो.

होक्काइदोजवळचं एसांबे हानाकिता कोजिमा हे बेट १९८७ च्या पाहणीत समुद्रसपाटीपासून फक्त १.४ मीटर उंच होतं. २०१४ मध्ये सरकारने त्याला नाव दिलं. २०१८ मध्ये बघतात तर ते दिसेना! लाटा आणि तरंगत्या बर्फाने ते झिजलं असावं, असा अंदाज व्यक्त झाला.

आपल्याकडे अंदमान-निकोबारचाही आकडा कुठे ५७२ तर कुठे ८३६ असा मिळतो. दुसऱ्या आकड्यात छोटी बेटं आणि खडकही धरलेले आहेत. माणसांची वस्ती त्यातल्या जेमतेम तीसेक बेटांवरच आहे.