रासायनिक बंध : आयनिक, सहसंयुज आणि धातुबंध

अणूंना किंवा आयनांना एकत्र धरून ठेवणाऱ्या आणि त्यामुळे पदार्थाला स्थिर रचना देणाऱ्या आकर्षणाला रासायनिक बंध म्हणतात. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात आणि बंध तयार होताना या इलेक्ट्रॉनांचे काय होते, यावरून बंधाचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे गेल्यास आयनिक बंध, दोन अणूंनी तो वाटून घेतल्यास सहसंयुज बंध आणि असंख्य अणूंनी तो सामाईक केल्यास धातुबंध तयार होतो. सोडियम आणि क्लोरीन या दोनच मूलद्रव्यांत हे तिन्ही प्रकार पाहायला मिळतात, कारण सोडियमच्या तुकड्यात धातुबंध असतो, क्लोरीन वायूच्या रेणूत सहसंयुज बंध असतो आणि दोघांच्या संयोगातून होणाऱ्या मिठात, म्हणजे सोडियम क्लोराइडात (NaCl), आयनिक बंध असतो. त्यामुळे गुणधर्मांची तुलना करायला हे त्रिकूट सोयीचे ठरते.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांपैकी एकच संयुजा इलेक्ट्रॉन असून तो केंद्रकाला सैलपणे बांधलेला असतो. घन सोडियममध्ये प्रत्येक अणूला सर्वांत जवळचे आठ शेजारी असतात. एकेका इलेक्ट्रॉनाच्या बळावर आठ स्वतंत्र जोड्या जुळणे शक्य नसल्यामुळे हा इलेक्ट्रॉन कोणत्याही एका जोडीत न अडकता संपूर्ण स्फटिकभर वावरतो. धन आयनांची मांडणी आणि तिच्यात मुक्तपणे फिरणारे इलेक्ट्रॉन यांच्यातील आकर्षण म्हणजेच धातुबंध होय. धातूंतील मुक्त इलेक्ट्रॉनांची ही कल्पना पॉल ड्रूडे यांनी १९०० मध्ये मांडली. पुढे पुंजयामिकीने तिच्यात बरेच फेरफार केले असले, तरी गुणधर्म समजून घेण्यासाठी ती आजही पुरेशी पडते.

क्लोरीनच्या अणूच्या बाह्य कवचात सात इलेक्ट्रॉन असून आठांचे स्थिर अष्टक पूर्ण होण्यास एक कमी असतो. दोन क्लोरीन अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देऊन एक सामाईक जोडी तयार करतात आणि दोन्ही केंद्रके त्या जोडीला आपल्याकडे ओढत राहिल्यामुळे रेणू (Cl₂) टिकून राहतो. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये इलेक्ट्रॉन-जोडीची ही संकल्पना मांडली. क्लोरीनचा बंध तोडण्यास प्रति मोल सुमारे २४३ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे तो मुळीच दुबळा नाही आणि ही गोष्ट पुढे द्रवणांकाच्या विवेचनात महत्त्वाची ठरते.

आयनिक बंधाविषयी पाठ्यपुस्तकांत अनेकदा असे लिहिलेले असते की, सोडियम इलेक्ट्रॉन सहज देतो आणि क्लोरीन तो सहज घेतो. पहिला भाग दिशाभूल करणारा आहे. वायुरूप सोडियम अणूपासून इलेक्ट्रॉन अलग करण्यास प्रति मोल ४९६ किलोज्यूल खर्च होतात, तर क्लोरीन अणू तो स्वीकारतो तेव्हा ३४९ किलोज्यूलच परत मिळतात. याशिवाय घन सोडियमचे अणू सुटे करण्यास सुमारे १०७ आणि क्लोरीन रेणूपासून एक मोल अणू मिळवण्यास सुमारे १२१ किलोज्यूल लागतात. म्हणजे केवळ इलेक्ट्रॉनाच्या देवघेवीवर हा व्यवहार थांबला, तर प्रति मोल सुमारे ३७५ किलोज्यूलचा तोटाच होईल. तो भरून निघतो तो विरुद्ध प्रभाराचे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा, कारण त्या वेळी सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते आणि तिला जालक ऊर्जा म्हणतात. सगळा जमाखर्च मांडल्यावर प्रति मोल सुमारे ४१२ किलोज्यूल शिल्लक राहतात, आणि मीठ तयार होताना प्रत्यक्ष मोजलेली उष्णता ४११ किलोज्यूल आहे. हा हिशेब १९१९ मध्ये माक्स बोर्न व फ्रिट्झ हाबर यांनी मांडला, म्हणून त्याला बोर्न-हाबर चक्र म्हणतात. आयनिक बंध हा दोन आयनांच्या जोडीचा नसून संपूर्ण स्फटिकाचा असतो, हे त्यातून स्पष्ट होते.

मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडाभोवती सहा सोडियम आयन असतात, हे लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. त्यामुळे घन मिठात ‘मिठाचा रेणू’ अशी वेगळी वस्तू उरलीच नाही. ही गोष्ट जुन्या रसायनज्ञांच्या पचनी सहज पडली नाही आणि हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर १९२७ मध्येसुद्धा ‘नेचर’ नियतकालिकात या रचनेवर सडकून टीका केली. NaCl हे सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगते, रेणू दाखवत नाही, हे परीक्षार्थीने आवर्जून नमूद करावे.

द्रवणांकांची तुलना करताना मीठ ८०१° से. ला, सोडियम ९८° से. ला आणि क्लोरीन उणे १०१° से. ला वितळतो, असे दिसते. यावरून ‘आयनिक बंध सर्वांत बळकट, धातुबंध मध्यम आणि सहसंयुज बंध दुबळा’ असा निष्कर्ष उत्तरपत्रिकांत हमखास काढला जातो आणि तो चुकीचा असतो. पदार्थ वितळताना किंवा उकळताना नेमके काय तुटते, हा प्रश्न आधी विचारायला हवा. द्रव क्लोरीन उणे ३४° से. ला उकळतो तेव्हा क्लोरीन-क्लोरीन बंध तुटत नाही, तर रेणू अखंड राहून एकमेकांपासून दूर होतात. रेणूरेणूंमधील हे आकर्षण, ज्याला व्हान डर वाल्स बल म्हणतात, ओलांडण्यास प्रति मोल सुमारे २० किलोज्यूलच लागतात, म्हणजे बंध तोडण्याच्या ऊर्जेच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतके. मिठात मात्र वेगळे रेणूच नसल्याने आयनांमधील मूळ आकर्षणावरच मात करावी लागते. जिथे सहसंयुज बंधांचे जाळे संपूर्ण स्फटिकभर पसरलेले असते, तिथे तेच बंध तोडावे लागतात, म्हणून हिरा अत्यंत कठीण असतो आणि क्वार्ट्झ १,७०० अंशांच्या आसपास वितळतो. धातूंची व्याप्तीही मोठी आहे, कारण पारा उणे ३९° से. ला वितळतो आणि टंगस्टन ३,४२२° से. ला. सोडियमच्या बाबतीत प्रत्येक अणूमागे एकच मुक्त इलेक्ट्रॉन आणि तुलनेने मोठा आयन असल्यामुळे बंध सैल राहतो. सबब ‘सहसंयुज पदार्थांचे द्रवणांक कमी असतात’ हे विधान ‘स्वतंत्र रेणूंनी बनलेल्या सहसंयुज पदार्थांचे’ असे लिहिले तरच बरोबर ठरते.

विद्युतवहनासाठी हलू शकणारे प्रभारित कण आवश्यक असतात. सोडियममध्ये मुक्त इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो घन अवस्थेतही वीज वाहतो आणि वहनानंतर धातू जसाच्या तसा राहतो. घन मिठात प्रभारित कण भरपूर असले, तरी ते आपापल्या जागी खिळलेले असतात, म्हणून घन मीठ वीज वाहत नाही. वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर मात्र आयन मोकळे होतात आणि वहन सुरू होते. हे वहन पदार्थ बदलणारे असते. डाउन्स घटात वितळलेल्या मिठातून वीज सोडली असता ऋणाग्रावर सोडियम व धनाग्रावर क्लोरीन मिळतो आणि मूळची दोन्ही मूलद्रव्ये पुन्हा वेगळी होतात. उद्योगात यासाठी मिठात कॅल्शियम क्लोराइड मिसळून वितळण्याचे तापमान सुमारे ६०० अंशांवर आणतात. क्लोरीनच्या रेणूंवर प्रभार नसल्यामुळे तो कोणत्याही अवस्थेत दुर्वाहक असतो. तापमान वाढले की धातूची वाहकता घटते, कारण आयनांची कंपने इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात. वितळलेल्या मिठाची वाहकता उलट वाढते, कारण उष्णतेने आयन अधिक चपळ होतात.

अनोळखी घन पदार्थातील बंध ओळखायचा असेल, तर पाण्यातील द्रावणापेक्षा वितळलेल्या पदार्थाची वाहकता तपासणे अधिक विश्वसनीय असते. हायड्रोजन क्लोराइड हा सहसंयुज पदार्थ असून द्रवरूपात तो जवळजवळ दुर्वाहक असतो, परंतु पाण्याशी अभिक्रिया होऊन आयन तयार होत असल्याने त्याचे जलीय द्रावण उत्तम वाहक असते आणि केवळ द्रावण तपासणारा फसतो. घन अवस्थेत वहन दिसल्यास पदार्थ धातू असण्याचा संभव मोठा असतो, मात्र ग्रॅफाइट हा सहसंयुज असूनही त्याच्या थरांमध्ये फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे वीज वाहतो, हा अपवाद लक्षात ठेवावा लागतो.

यांत्रिक गुणधर्मांत आयनिक व धातुबंधांमधील भेद सर्वांत ठळक दिसतो. खडेमिठाच्या खड्यावर घाव घातला की तो सपाट पृष्ठभागांवर दुभंगतो, तर सोडियम सुरीने कापता येतो आणि दाबला असता तुटण्याऐवजी पसरतो. मिठाचा एक थर दुसऱ्यावर एका आयनाएवढे अंतर सरकला की सोडियमसमोर सोडियम व क्लोराइडसमोर क्लोराइड येतो, समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात आणि तडा जातो. धातूत थर सरकला तरी आयनांभोवती तेच मुक्त इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे बंध कायम राहतो. ठोकून पत्रा बनवता येणे, म्हणजे वर्धनीयता, आणि ओढून तार काढता येणे, म्हणजे तन्यता, हे दोन्ही गुण यातूनच येतात.

विद्राव्यतेत नियमापेक्षा अपवादांचा भरणा जास्त आहे. २५° से. ला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, कारण पाण्याचे ध्रुवीय रेणू आयनांभोवती गोळा होऊन जालक तोडण्याची किंमत बव्हंशी चुकवतात. सिल्व्हर क्लोराइडाच्या बाबतीत मात्र ती पुरेशी चुकत नाही आणि ते जवळजवळ अविद्राव्य राहते. सोडियम पाण्यात विरघळत नाही, त्याच्याशी जोमदार अभिक्रिया करतो.

बंध आयनिक की सहसंयुज, हे ठरवण्यासाठी विद्युतऋणता, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता, वापरतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीच्या आजच्या रूपात सोडियमची विद्युतऋणता ०.९३ आणि क्लोरीनची ३.१६ धरतात, म्हणून फरक २.२३ येतो. फरक १.७ पेक्षा जास्त असल्यास बंध आयनिक, असा नियम शिकवला जातो, पण तो ढोबळ आहे. हायड्रोजन फ्लुओराइडात हा फरक १.७८ असूनही तो १९.५° से. ला उकळणारा सहसंयुज पदार्थ आहे. ॲल्युमिनियमच्या दोन संयुगांत ही सीमा अधिक स्पष्ट होते. ॲल्युमिनियम फ्लुओराइडात फरक २.३७ असून ते १,२०० अंशांनंतरही घन राहते, तर ॲल्युमिनियम क्लोराइडात तो १.५५ असून ते सुमारे १८०° से. ला थेट वायुरूप होते आणि त्या वायूत Al₂Cl₆ असे वेगळे रेणू आढळतात.