आजारपणाची रजा : कागदपत्रे अपुरी असतील तर कंपनीने काय करावे?

आजारी पडल्यावर रजेचा अर्ज लगेच जातो, पण कागदपत्रे मागाहून येतात. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाला डिस्चार्ज कार्ड घरी सोडतानाच मिळते. त्यामुळे सुरुवातीला कागद अपुरे असणे म्हणजे आजार खोटा असणे नव्हे. अशा वेळी कंपनीचे योग्य उत्तर कसे असते आणि तुम्ही काय करायचे, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण

समजा, तुम्हाला ४ ऑगस्टला ताप आला. ६ तारखेला डॉक्टरांना दाखवले आणि डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली. ७ तारखेला तुम्ही ऑफिसला ईमेल करून ४ ते १३ ऑगस्ट अशी दहा दिवसांची रजा मागितली. सोबत चाचणीचा अहवाल आणि औषधांची चिठ्ठी जोडली. चिठ्ठीवर फक्त ‘विश्रांती घ्यावी’ एवढेच लिहिले आहे.

यात काय कमी आहे? विश्रांती कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस, हे कुठेच नाही. अहवालावरून आजार कळतो, पण रजेची मुदत ठरत नाही. ती ठरवण्याचे काम तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

कंपनीने कसे उत्तर द्यावे?

अर्ज थेट नामंजूर करू नये आणि उत्तर न देता पडूनही ठेवू नये. रजा तात्पुरती नोंदवून नेमके काय हवे ते लेखी कळवावे. उदाहरणार्थ :

“तुमचा अर्ज व दोन कागद मिळाले. ४ ऑगस्टपासूनची रजा सध्या ‘कागदपत्रांच्या अधीन’ म्हणून नोंदवली आहे. विश्रांतीचा कालावधी लिहिलेले, डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक असलेले प्रमाणपत्र १६ ऑगस्टपर्यंत पाठवावे. ते मिळेपर्यंत ही गैरहजेरी विनापरवाना धरली जाणार नाही. अडचण असल्यास मुदत वाढवून मागता येईल.”

या उत्तरात रुग्णाला तीन गोष्टी कळतात : काय कमी आहे, ते कधीपर्यंत द्यायचे आणि तोपर्यंत रजेची स्थिती काय. ‘योग्य कागदपत्रे सादर करा’ एवढेच लिहिले, तर रुग्ण पुन्हा तोच अहवाल पाठवतो आणि वेळ वाया जातो.

प्रमाणपत्रात काय असावे?

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, ओळखीची खूण, आजार, विश्रांतीचा कालावधी आणि तो कोणत्या तारखेपासून, या बाबी येतात. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही डॉक्टरांना ठेवावी लागते. त्यामुळे आधीच्या भेटीत प्रमाणपत्र घ्यायचे राहिले असेल, तर फेरतपासणीला जाताना जुनी चिठ्ठी सोबत न्या आणि कालावधी स्पष्ट लिहून मागा.

मागच्या तारखेचे काय?

इथेच बहुतेक वाद होतात. आपल्या उदाहरणात डॉक्टरांनी रुग्णाला पहिल्यांदा ६ तारखेला तपासले. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार ४ तारखेपासून ताप’ असे ते लिहू शकतात, पण ४ तारखेला तपासले असे लिहू शकत नाहीत. दिशाभूल करणारे प्रमाणपत्र दिल्यास डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते, म्हणून तसा आग्रह धरू नका. ४ आणि ५ तारखेसाठी कंपनीने रुग्णाचे स्वतःचे निवेदन मान्य करावे किंवा ते दोन दिवस किरकोळ रजेत धरावेत. दोन दिवसांसाठी संपूर्ण अर्ज फेटाळणे योग्य नाही.

शंका आली तर?

कंपनीने डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत तपासावा. प्रमाणपत्र खरोखर दिले आहे का, एवढे विचारायचे असेल तर आधी रुग्णाची लेखी संमती घ्यावी. संमतीशिवाय डॉक्टर आजाराची माहिती देणार नाहीत, कारण गोपनीयता पाळणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. सगळे तपासणी अहवाल किंवा जुन्या आजारांची फाइल मागण्याचे कारण नाही. रजेसाठी कालावधी पुरेसा असतो. आलेले कागदही संबंधित अधिकाऱ्यापुरतेच राहावेत, विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नयेत.

शंका तरीही राहिली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांतही तशी तरतूद आहे. मात्र ही तपासणी लवकर व्हायला हवी. ताप उतरल्यावर आठ दिवसांनी तपासणाऱ्या डॉक्टरांना तेव्हाची अवस्था सांगता येत नाही.

मुदत संपली तर?

आधी एक लेखी आठवण द्यावी. त्यानंतरही प्रमाणपत्र आले नाही, तर कारण लिहून ते दिवस शिल्लक असलेल्या दुसऱ्या रजेत किंवा बिनपगारी रजेत टाकता येतात.

तुम्हाला ईएसआय लागू असेल, तर आजारपणाच्या भत्त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. खासगी दवाखान्यात उपचार सुरू असले तरी त्यांना लवकर दाखवा. कंपनीला पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पाठवल्याची तारीख स्वतःजवळ जपून ठेवा.